पहिली दोन मिनिटं

आमच्या मासिकासाठी लॅपटॉप तपासणाऱ्या काकांचा वेळ फार मोलाचा. दोन मिनिटं गेम चालवायचा, आलेखात प्रोसेसरचा वेग साडेचार गिगाहर्ट्झ दिसला की पाच तारे देऊन मोकळं व्हायचं. काल मात्र गेम चालू ठेवूनच ते चहाला गेले आणि गप्पांत रमले. परतले तेव्हा तापमान पंचाण्णव अंशांना भिडलं होतं, वेग तीनच्या खाली घसरला होता आणि गेम अडखळत होता.

मी म्हटलं, "काका, फार तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. वाचक तासभर खेळतात, त्यांना हाच वेग मिळणार."

काकांनी आलेखाचा उजवीकडचा भाग शांतपणे कापून टाकला.

"चहावरून यायला उशीर मी केला," ते म्हणाले, "त्याची शिक्षा बिचाऱ्या लॅपटॉपला कशाला?"