ऊठ की उठा

तिला दवाखान्यात सगळे गुडघेताई म्हणायचे. खरं तर ती फिजिओथेरपिस्ट. खांदे, मान, कंबर सगळंच सांभाळायची, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा पायावर उभं करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. घाबरलेल्या माणसाशी ती सारखी बोलत राहायची आणि बोलता बोलता तो कधी उभा राहिला हे त्याचं त्यालाच कळायचं नाही.

म्हणून बदलीचा हुकूम आला तेव्हा घरात सगळ्यांना पगाराचं, घराचं, सामानाचं पडलं, आणि तिला पडलं बोलण्याचं. दवाखान्याची नवी शाखा कानडी मुलखात निघत होती आणि तिथला व्यायाम विभाग तिच्या हवाली होणार होता.

"अगं, तिथे दुभाषी देतील तुला," नवरा म्हणाला. "निम्म्या लोकांना हिंदी येतं."

"आणि उरलेल्या निम्म्यांना काय हातवारे करून उठवू? माणूस पाय टाकताना घाबरतो ना, तेव्हा मधे तिसरं माणूस नको असतं."

दुसऱ्याच दिवशी ती जुन्या बाजारातल्या पुस्तकाच्या दुकानात गेली. दुकानदार काकांनी शिडीवर चढून धूळ झटकत एक जाडजूड पुस्तक खाली काढलं. कानडी स्वयंशिक्षक, मराठी माणसांसाठी. पानावर तीन रकाने: एकात कानडी लिपी, दुसऱ्यात तेच उच्चार देवनागरीत, तिसऱ्यात मराठी अर्थ.

"हे एकच आहे," काका म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून खपतंय. कुणी परत आणून दिलेलं नाही."

घरी येईपर्यंत तिला धीर निघाला नाही. बसथांब्यावरच तिने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर तिचं काळीज सुपाएवढं झालं. अक्षरं गोल गोल, अनोळखी, पण रांग तीच. क ख ग घ, च छ ज झ. शेजारच्या बाईला न राहवून तिने दाखवलं, "हे बघा, आपलीच बाराखडी, नुसते कपडे बदललेत." बाई जराशी सरकून बसली.

मग वाक्यं. 'ननगे नीरु बेकु.' मला पाणी हवं. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी. तिला वाटलं, ही भाषा आपल्या घराच्या मागच्याच गल्लीत राहत होती आणि आपण कधी दार वाजवलं नाही.

सरावाला माणूस हवं होतं. नवरा दिवसभर बाहेर. राहिल्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा नेम होताच. बदली त्यांना मुळीच पसंत नव्हती. "या वयात मला नवीन मुलूख नको," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. पण पलंगाच्या कडेला बसून पाय वरखाली करायला त्यांची ना नव्हती.

"कालु म्हणजे पाय," गुडघेताई सांगायची. "नोवु म्हणजे दुखणं. एळु म्हणजे ऊठ."

"आणि कै?"

"कै म्हणजे हात."

"मग 'काय' म्हटलं की तिथे लोक हात पुढे करणार," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्यानंतर मात्र त्या संध्याकाळची वाट बघू लागल्या, हे गुडघेताईच्या लक्षात आलं.

एकदा ती कानडीत मोजत होती. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. सासूबाई पाय उचलत होत्या. ऐदु, आरु, एळु. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अहो आई, बसा. अजून दहा व्हायचेत."

"तूच म्हणालीस ना एळु?"

दोघी पुस्तकावर तुटून पडल्या. खरंच, सातला एळु आणि उठण्यालाही एळु. पुढे बघतात तर दहाला हत्तु आणि चढण्यालाही हत्तु. गुडघेताईला हसू आवरेना. जिन्याच्या व्यायामासाठी तिला दहावा आकडा आणि चढायचा हुकूम एकाच शब्दात मिळाला होता.

सासूबाई मात्र हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून मराठीचा रकाना वाचला.

"एक सांग. एळु म्हणजे ऊठ की उठा?"

"अं?"

"इथे सगळीकडे ऊठ, बस, इकडे ये, दार लाव असंच आहे. तू मला ऊठ म्हणशील का?"

गुडघेताईने पानं मागे उलटली. धड्याचं नाव होतं, 'नोकराशी बोलणे'. पुढचा धडा, 'हमालाशी बोलणे'. ज्याने पुस्तक लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर हुकूम सोडणारा साहेब होता. तिच्या अंगावर काटा आला. ही वाक्यं तोंडपाठ करून ती आजोबा-आजीच्या वयाच्या पेशंटला 'ए, ऊठ' म्हणणार होती, तेही हसतमुखाने.

"आई, तुम्ही माझी अब्रू वाचवलीत," ती म्हणाली.

"आधी ती अहोजाहो शोध," सासूबाई म्हणाल्या.

दुकानदार काकांनी या वेळी शिडी लावली नाही. गल्ल्याच्या मागच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक बारकं पुस्तक ओढून काढलं, एका शाळामास्तरांनी लिहिलेलं व्याकरण. मुखपृष्ठ निघालेलं, मजकूर खच्चून भरलेला. काका म्हणाले, "हे कुणी घेत नाही. यात वाक्यं नाहीत, नुसती मोडतोड आहे."

तिला नेमकी तीच हवी होती. आदर दाखवायचा तर शेवटी इ लागतो: होगु म्हणजे जा, त्याचं होगि; माडु म्हणजे कर, त्याचं माडि; आणि एळुचं एळि. बा म्हणजे ये, त्याचं मात्र बन्नि, ते वेगळंच पाठ करायचं. पुढे तर तिला खजिनाच लागला. बंदु म्हणजे येऊन. निंतु म्हणजे उभं राहून. मराठीतल्या 'ऊन' प्रत्ययासारखंच. आणि जाड पुस्तकाची आणखी एक लबाडी उघडी पडली. कानडीत ए दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब; ओसुद्धा तसेच. देवनागरीच्या रकान्यात दोन्ही सारखेच छापले होते. आखूड ए घेतला तर बेळे म्हणजे पीक, लांब घेतला तर डाळ. कानडी लिपीत मात्र लांब अक्षराला पुढे एक छोटंसं शेपूट असतं, ते पाहिलं की चूक होत नाही. त्या दिवसापासून तिने मधला रकाना कागदाच्या पट्टीने झाकून टाकला. पहिले काही दिवस ती आंधळ्यासारखी चाचपडली. मग एका सकाळी दात घासताना तिने टूथपेस्टच्या खोक्यावरची कानडी अक्षरं सहज वाचली आणि तोंडात फेस असतानाच नवऱ्याला उठवलं.

"काय लिहिलंय?" त्याने झोपेत विचारलं.

"कंपनीचं नाव."

"ते तर इंग्रजीतही आहे."

"असू दे ना," ती म्हणाली.

ती पुढे गेली, घरचे सामान आवरून मागून येणार होते. नव्या शाखेत रंगाचा वास अजून गेला नव्हता. पहिल्याच सकाळी तिच्या हाताखालची स्थानिक मुलगी दुसऱ्या मजल्यावर अडकली आणि गुडघेताईच्या वाट्याला एक म्हातारा सुतार आला. गुडघा बदललेला, डॉक्टरांनी उभं करायला सांगितलेलं, आणि हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. उशाशी त्याची लेक बसली होती.

गुडघेताईने खुर्ची ओढली. "नमस्कार. नोवु इदेये?" दुखतंय का?

सुतार वळला. तिच्याकडे पाहिलं आणि बोलायला लागला. असा बोलला, असा बोलला की तिला धबधब्याखाली भांडं धरल्यासारखं झालं. एवढे दिवस तिने प्रश्न पाठ केले होते. उत्तर कसं येतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मधूनच मंडि ऐकू आलं, म्हणजे गुडघा. दोनदा केलस आलं, म्हणजे काम. बाकी सगळं वाहून गेलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला दुभाषी म्हणून बोलावून आणायला ती अर्धी उठली होती. तेवढ्यात डोक्यात दोन शब्द एकमेकांजवळ येऊन बसले. निधानवागि, सावकाश, हा शब्द जाड पुस्तकात गाडीवानाला सांगायचा होता. माताडि, बोला, हा मास्तरांच्या व्याकरणातला.

"निधानवागि माताडि," ती म्हणाली.

हे वाक्य कुणी छापलेलं नव्हतं. ते तिने स्वतः जुळवलं होतं, आणि समोरच्या माणसाला ते कळलं. सुतार थांबला. मग एकेक शब्द सुटा करून, हाताने रंधा मारून दाखवत त्याने विचारलं, "केलस माडबहुदा?" काम करता येईल का?

म्हणजे त्याला दुखण्याची भीती नव्हतीच. आयुष्यभर जमिनीवर बसून लाकूड तासणाऱ्या माणसाला हातातलं काम जाण्याची भीती होती.

"हौदु," ती म्हणाली. होय. मग जमिनीकडे बोट करून तिने 'नाही' अशी मान हलवली, पलंगाजवळच्या उंच टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "निंतु केलस माडि." उभं राहून काम करा.

तो बराच वेळ त्या टेबलाकडे पाहत राहिला. उंची जोखत असावा. मग त्याने स्वतःच पांघरूण बाजूला केलं.

"एळि," ती म्हणाली. "हेदरबेडि." उठा, घाबरू नका.

तो उठला. वॉकरला धरून उभा राहिला, पण पाऊल जरासं सरकलं आणि गुडघेताईच्या तोंडून घाईत मराठी निसटली, "हालू नका, हालू नका." ती त्याला सावरते आहे तोवर लेक धावत बाहेर गेली आणि उपाहारगृहातून पेलाभर दूध घेऊन आली.

गुडघेताई पेल्याकडे बघतच राहिली. कानडीत हालु म्हणजे दूध. तिने खुणेने, मोडक्यातोडक्या शब्दांत तो घोटाळा समजावला, तेव्हा लेक पदराआड हसली आणि सुतार उभ्या उभ्या इतका हसला की त्याला धरून ठेवावं लागलं. दूध मग दोघांनी गुडघेताईलाच प्यायला लावलं.

पुढच्या फेरीला त्याने तिची शिकवणी सुरू केली. 'बसा' म्हणायला ती म्हणायची, "कुळितुकोळ्ळि." तो म्हणायचा, असं पुस्तकं बोलतात, माणसं "कूत्कोळ्ळि" म्हणतात. नोवु इदेयेचं त्याने नोविद्या करून टाकलं. सुतार घरी जायच्या दिवसापर्यंत दोघांचं बरंच जमलं होतं.

मग घरचे आले. सासूबाईंनी सामान उतरवणाऱ्यांना पहिल्याच तासात "निधान, निधान" करून भंडावून सोडलं आणि संध्याकाळी शेजारणीशी ओळखही करून घेतली.

एका दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. सुतार होता. फोनवर हात दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. तिने श्वास रोखून ऐकलं. त्याने कमरेएवढं टेबल बनवलं होतं, सकाळपासून उभा राहून एक दार तासत होता, मधे मधे बसत होता. पाय सुजला होता का, तिने विचारलं. थोडा, तो म्हणाला. बर्फ लावा, पाय उंच ठेवा, आज दार पुरे. तो बरं म्हणाला आणि आणखी काहीतरी बोलला. त्यातला एक शब्द तिला कळला नाही.

"अदु एनु?" तिने विचारलं. ते काय?

आणि तो सावकाश सांगायला लागला.