पाटल्यांचं सोनं आणि तीन टक्के

माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, दोन पाटल्या सोडल्या तर आमच्याकडे सोनं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. आजीचं मनगट शाळकरी मुलीएवढं. आईच्या हातात त्या पाटल्या साबण लावून कशाबशा चढल्या आणि माझ्या हातात अंगठ्याच्या बुडाशी जाऊन अडकल्या. मी चांगली भरलेल्या हाडापेराची बाई आहे, त्यात पाटल्यांचा दोष नाही. त्या कपाटातच राहिल्या.

मग एकदा आईने जाहीर केलं की पाटल्या मोडायच्या आणि माझ्यासाठी ठुशी करायची. आई निवृत्त मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे आमच्याकडे चर्चा होत नाही, सूचना निघते. "मी आहे तोवर तुझ्या गळ्यात माझ्या आईचं सोनं बघायचंय," एवढंच तिने कारण दिलं. त्यावर मी ठुशीने मान अजूनच आखूड दिसेल वगैरे बोलले.

सराफ्यातल्या ज्या दुकानात गेलो तिथे आजी आईला लहानपणी घेऊन यायची. आताच्या मालकाचे आजोबा तेव्हा गादीवर बसत. आजी सगळं काढायला लावायची, हातात धरून बराच वेळ बघायची, शेवटी कशीबशी नमस्कार करून उठायची. तिने तिथे कधी काही घेतल्याचं आईला आठवत नाही.

मालकाने पाटल्या यंत्रात तपासल्या. चोवीस ग्रॅम भरल्या, सोनं वीस कॅरेटचं निघालं. आईला वाटलं, आजी नापास झाली. "पुराना माल है मांजी, तब ऐसाच बनता था," मालक म्हणाला. मग ठुशीचा नमुना पसंत झाला आणि त्याने अंदाजाचं बिल छापून समोर ठेवलं.

आईने चष्मा चढवला, पर्समधून पेन काढलं. लाल नव्हतं, हीच काय ती दया.

पहिली ओळ एकूण वजनाची. त्यातून मधला लाल खडा आणि मागचा रेशमी गोंडा वजा करून निव्वळ सोनं वीस ग्रॅम, बावीस कॅरेटचं. यावर आईने बरोबरची खूण केली. पुढे छीजत, म्हणजे घट, दहा टक्के.

"वीस ग्रॅमची ठुशी आणि पैसे बावीस ग्रॅमचे?"

"मांजी, मणी घडवताना, घासताना सोनं उडतं. बारीक काम आहे."

"दोन ग्रॅम उडतं?"

"हर दुकान का अपना हिसाब रहता है. चला, तुमच्यासाठी आठ करतो."

म्हणजे सोनं उडण्याचं प्रमाणही ओळखीने कमी होतं. त्याखाली घडणावळ वेगळी. "उडवण्याचे वेगळे, घडवण्याचे वेगळे," आई पुटपुटली, पण तिथेही खूण केली. मजुरी बुडवणं तिच्या तत्त्वात बसत नाही.

मग आला जीएसटी. सोन्याची किंमत, छीजतीची किंमत आणि घडणावळ, तिन्हींच्या बेरजेवर तीन टक्के. आणि त्या सगळ्याच्या खाली, कर लावून झाल्यावर, जुन्या सोन्याची वजावट.

"हे चुकलंय," आई म्हणाली. "कर घडणावळीवर लावा. सोन्यावर कसला? सोनं तर माझंच आहे."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते, दिवसभर बिलंच करते, हे त्याला आईने आल्या आल्या सांगितलं होतं. मीही मग कामावर बोलते तशी बोलले.

"आई, चूक नाहीये. हे दोन सौदे आहेत. तुझ्या पाटल्या हे विकत घेतायत. घरातलं जुनं सोनं आपण विकतोय, त्यावर आपल्याला जीएसटी नाही. आणि ठुशी हे आपल्याला विकतायत. विकलेला दागिना म्हटला की सोनं, छीजत, घडणावळ, सगळं एकच. सगळ्यावर तीन टक्के. पाटल्यांची किंमत म्हणजे आपण दिलेले पैसे समज. पैसे कसे दिले त्याने कर कमी होत नाही."

"म्हणजे ठुशी पाटल्यांची होणार नाही?"

"नाही. पाटल्या वितळून कुठेतरी जातील."

मला माझ्या स्पष्ट बोलण्याचा अभिमान आहे. त्या दिवशी तो दोनेक मिनिटं टिकला. आईने पेनाचं टोपण लावलं आणि मालकाला विचारलं, "मग माझ्या मुलीच्या गळ्यात कुणाचं सोनं येणार?"

"बाजार का, मांजी," तो म्हणाला. बिचाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं.

आईने पाटल्या काट्यावरून उचलल्या आणि रुमालात बांधल्या. एवढ्या वर्षांत तिने बिलावरची एक ओळ वाचून हाय खाल्लेली मी पाहिली नव्हती, आणि ती ओळ तिला समजावून मीच दिली होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कामाचं बोलायला लागले.

आमच्या कारखान्यात लोक स्वतःचं लोखंड आणून देतात. आम्ही त्याला आकार देतो आणि फक्त मजुरीचं बिल करतो, लोखंड त्यांचंच राहतं. मी मालकाला इथल्या पद्धतीने भाऊ म्हणत विचारलं, "भिया, सोन्याचं असं करता का?"

"करते हैं. पण तुमचा तोटा आहे, बहनजी. सोनं वीस कॅरेटचंच राहील. बावीसचं करायचं तर शुद्ध सोनं मिसळावं लागेल, ते बाहेरचं. और छीजत जो निकलेगी, तुम्हारे सोने में से जाएगी."

"उद्या मोडायला गेलं तर कमी भाव येईल," मीही आईला सांगितलं. हिशेबाने ते खरंच होतं.

"तुला मोडायचीये का?" आईने विचारलं.

नव्हती मोडायची.

दुकानामागच्या गल्लीत मालकाचा कारागीर बसतो. त्याने आमच्यासमोर पाटल्या मुशीत ठेवल्या. आई शेवटपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. वितळायला फारसा वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं मनगटात न जाणाऱ्या वस्तूने एवढ्या लवकर हार मानावी, हे मला आवडलं नाही.

ठुशी तयार झाल्यावर कारागिराकडेच नवं बिल आलं. घेतलेलं सोनं चोवीस ग्रॅम, ग्राहकाचं. परत दिलेलं, खडा आणि गोंडा सोडून, तेवीसच्या आत. पैशांची ओळ एकच, मजुरीची, आणि कर तेवढ्यावर. त्याचा दर तीन टक्क्यांपेक्षा जास्त होता, पण सोन्याला कराचा हातही लागला नव्हता. आईने प्रत्येक ओळीवर खूण केली आणि घटीवर येऊन थांबली.

"हे कुठे गेलं?"

कारागिराने कामाची फळी, खालची चटई, दारासमोरची नाली दाखवली. काही धूर होतं, काही कानशीवर राहतं. बाकी झाडलोटीत जातं, आणि न्यारिये, म्हणजे सराफ्यातली माती धुऊन सोनं वेचणारे, नालीतला गाळ घेऊन जातात. वजनाला पुरेल एवढं परत आणून देणं कुणाच्या हातात नव्हतं. "ग्रॅमभर तर जाणारच, मांजी," तो म्हणाला.

मला वाटलं, आता आई रागावेल. तिला सगळं सोनं हवं होतं, आजी सगळी हवी होती. ती नालीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने ठुशी माझ्या गळ्यात घातली, मागचा गोंडा ओढून गाठ बसवली, आणि घटीच्या ओळीवरही बरोबरची खूण केली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्या आईला इथून उठायचं कधी मनच नसायचं."