वाऱ्याच्या घरात बाळंतीण

बदलापुरात कात्रपला आमच्या शेताचा एक तुकडा विकायचा राहिला होता, त्यावर आम्ही घर बांधलं. नकाशा माझा. मी आर्किटेक्ट झाल्यापासून आई म्हणायची, लोकांची घरं काढतेस, आपलं कवा काढशील? शेवटी काढलं, आणि इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं त्यात घातलं.

बदलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाते, मग पंखा काय आणि एसी काय. विजेशिवाय निभेल असं घर मला हवं होतं. उल्हासनगरला ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले त्यांचे वडील सिंधमधून आलेले. तिकडे हैदराबादेत घरोघरी छपरावर वारा पकडणारी धुराडी असायची, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे वळलेली, असं सर सांगायचे. तसंच एक मी आमच्या गच्चीवर उभं केलं. तोंड पश्चिमेला, कारण उन्हाळ्यात संध्याकाळी खाडीकडून वारा येतो तो तिकडूनच. वारा त्या धुराड्यातून खाली उतरायचा आणि मागच्या खोलीत जमिनीलगतच्या झरोक्यातून बाहेर पडायचा. समोरच्या पूर्वेच्या भिंतीत भाजक्या मातीची जाळी बसवली होती, छतापर्यंत. त्या जाळीतून खोलीतली गरम हवा निघून जायची, आणि सकाळचं ऊन आत येताना चाळल्यासारखं बारीक होऊन यायचं. वारा पडला तरी काम थांबत नसे. मग धुराडंच गरम हवा वर ओढायचं आणि जाळीतून बाहेरची हवा आत यायची. पावसाळ्यासाठी वरच्या तोंडाला लाकडी झडप केली होती, दोरी ओढली की बंद.

शेजारी त्याला कबुतरखाना म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचे, पण दर एप्रिलला मागच्या खोलीत उभी राहून स्वतःलाच विचारायचे. खरंच थंड राहतंय ना, की मला वाटतंय म्हणून राहतंय?

एका एप्रिलमध्ये धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी साइटवरून परतले तर मागच्या खोलीची जाळी दिसेना. आईने गोधड्या बांधून ती वरपासून खालपर्यंत झाकली होती. जमिनीलगतच्या झरोक्यात उशी कोंबली होती आणि झडपेची दोरी खाली ओढून खिळ्याला गुंडाळली होती.

"आई, हे काय?"

"बालंतिनीला वारा लागून कसा चालंल?" ती म्हणाली. "तू तर घरात वारंच वारं करून ठेवलंस."

"अगं, हवा नको का आत यायला?"

"हवा नको असं कोन बोलतं? झोत नको. तुज्या वेळी मला वारा लागला, महिनाभर अंग धरलेलं. तुला काय ठावं."

मी वाद घातला, पण अर्ध्या मनाने. बाळंतपण हा तिचा प्रांत होता, तिथे माझा नकाशा चालणार नव्हता. शिवाय मलाही भीती होतीच. झरोक्यासमोरच पलंग होता आणि इवलंसं बाळ. खरंच काही झालं असतं तर खापर माझ्या धुराड्यावर फुटलं असतं. मी गोधड्या तशाच राहू दिल्या.

दोनच दिवसांत खोली तापायला लागली. घरात पाऊल टाकताच मला तो फरक जाणवायचा, पुढच्या खोलीतून मागे गेलं की अंगावर झाकण पडल्यासारखं व्हायचं. बहीण डोक्याला स्कार्फ, कानात कापूस घालून घामाने थबथबलेली. पंखा चालू होता तोवर निभत होतं.

एका दुपारी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. आवाज जड होता. "ताई, लाइट गेलीये. डोकं खूप दुखतंय माझं. उलटीसारखं होतंय. आणि ही दूधच घेत नाहीये."

"खोलीत काय चाललंय?"

"आईने धुरी दिली आंघोळीनंतर. शेगडी अजून इथेच आहे, पलंगाखाली."

बंद खोली, बंद जाळी, बंद धुराडं आणि आत पेटता कोळसा. "आईला सांग शेगडी अंगणात न्यायला. बाळाला घेऊन तू पुढच्या ओट्यावर जा. आत्ता. फोन चालूच ठेव." मी तसंच बोलत बोलत रिक्षा पकडली. रेल्वे फाटकावर रिक्षा अडकली तेव्हा फोनवर फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मी सारखी विचारत होते, "आहेस ना? बोल ना काहीतरी."

पोचले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. बाळाचा चेहरा लालभडक आणि अंग सैल. आई पदराने वारा घालत होती, ज्या वाऱ्याला इतकी भीत होती तोच. आम्ही तसेच दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाईंनी बाळाला तपासलं, अंगावरचं दुपटं, टोपडं, झबलं काढायला लावलं. मायलेकींना ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "खोलीत शेगडी होती? खिडक्या बंद?"

आईने मान हलवली.

"कोळशाच्या गॅसला वास नसतो, आजी. माणूस झोपेत जातं. आणि बाळाला ताप नाहीये, ते उकडलंय. वेळेत बाहेर आणलंत."

संध्याकाळपर्यंत बाळाने दूध घ्यायला सुरुवात केली. बहिणीची डोकेदुखीही थांबली. पण डॉक्टरांनी रात्रभर दोघींना ठेवून घेतलं. आई बाहेरच्या बाकावर बसून होती, एकदाही आत गेली नाही. मी शेजारी बसले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "माज्या आयेनं पन अशीच शेगडी ठेवलेली. दार लावूनच. मग तवा कसं काय नाय झालं?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते तिच्या तोंडून यावंसं वाटलं. "गावच्या घरात धूर कुठून जायचा गं?"

"कौलांतून," ती म्हणाली. "भिंत पन कुडाची होती. सगलीकडून फटी."

"इथे वर स्लॅब आहे, आई. फटी मी जाळीत ठेवल्या होत्या."

तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला आणायच्या आधी आम्ही दोघी खोलीत गेलो. आईने स्वतःच गोधड्या सोडल्या. पण झरोक्यातली उशी काढायला तिने हात लावला नाही, आणि तिचं म्हणणं मला या वेळी नीट ऐकावंसं वाटलं. झोत थेट पलंगावर येत होता, हे खरंच होतं. नकाशा काढताना त्या जागी झोपलेली बाळंतीण माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. आम्ही पलंग कोपऱ्यात सरकवला. मी उशी काढली, झडपेची दोरी सोडली आणि झरोक्यापुढे एक फळी तिरकी उभी केली, म्हणजे वारा तिच्यावर आपटून वर जाईल आणि पलंगाच्या वरूनच जाळीकडे निघेल. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला आईची जुनी पातळ सुती साडी लावली, वरचा अर्धा उघडा. झडप दुपारच्या गरम वाऱ्यात बंद, संध्याकाळी उघडी, असं ठरलं. शेगडी अंगणातच राहिली.

सकाळीही थोडा वारा होता; आईने पलंगावर बसून पाहिलं. उदबत्ती पेटवून हातात धरली. धूर सरळ वर गेला, मग जाळीकडे वळला आणि बाहेर निघून गेला.

"लागत नाय," ती म्हणाली.

बाळ त्या खोलीत पावसाळ्यापर्यंत राहिलं. अंगावर घामोळं आलं आणि गेलं, वजन वाढत राहिलं. वीज जायचीच. पण प्रत्येक वेळी वीज गेली की मी जिथे असेन तिथून घरी फोन करायचे, आणि आई पलीकडून फक्त म्हणायची, "निजलीय." तेवढ्याने मला बरं वाटायचं, पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत.

आता लोकांसाठी घर काढताना मी आधी विचारते, घरात बाळंतीण कुठल्या खोलीत राहणार, म्हातारं माणूस कुठे निजणार. काही जण हसतात. जाळी काढते, धुराडं काढते, आणि नकाशा हातातून गेल्यावर रात्री मनात येत राहतं की त्या घरातलं कोणी कुठल्यातरी काळजीने ती भोकं बुजवेल, आणि मी तिथे नसेन.