मागच्या भागातले चार सेकंद

आमची वेब सिरीज नळदुर्गच्या हायवेवरच्या एका ढाब्यात घडते. ढाबा कुणाचा, यावरून दोन भावांचं भांडण. पुतणी लिहिते आणि दिग्दर्शन करते, एडिटिंग माझ्याकडे. भावांच्या आईचं काम माझ्या बायकोनं केलं, केसांना पावडर लावून. सहाव्या भागाचं शूटिंग झालं आणि पंधरवड्यात ती गेली. आई सोलापूरला लेकीकडे गेली, असं पुतणीनं गोष्टीत लिहिलं.

सुरुवातीला आम्ही भाग उघडताच मागची गोष्ट दाखवायचो. नवा माणूस तिथंच निघून जायचा. प्रेक्षकांच्या आलेखाची रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच खाली यायची. म्हणून मी क्रम बदलला. आधी मागचं काही ठाऊक नसतानाही कळेल असा एक प्रसंग, मग शीर्षक, मग अर्ध्या मिनिटात मागचं. तेही आजच्या भागाला लागेल तेवढंच.

नवव्या भागात मागचं दाखवताना मी चार सेकंद जादा ठेवले. आईच्या कामातली माझी बायको धाकट्याच्या हातावर ढाब्याची किल्ली ठेवते, तो शॉट.

"काका, किल्लीचं सुरुवातीच्या भांडणातच येतंय की," पुतणी म्हणाली. "थोरला म्हणतोच, 'आईनं किल्ली दिली म्हणून ढाबा तुझा झाला व्हय?' मग हे कशाला?"

"चारच सेकंद आहेत."

"एरवी एक सेकंद सोडत न्हाय तुम्ही, ऑडिटर!" ती हसली, मग तिनं तो शॉट परत लावून काकूकडं बघितलं. "बरं. दाखवून बघू."

भाग टाकण्याआधी आम्ही तो ढाब्यावर जेवायला थांबलेल्या एखाद्या ड्रायव्हरला दाखवतो. आधीचं काहीच न पाहिलेला माणूस हवा. त्या दुपारच्या ड्रायव्हरनं भाकरी खात सगळा भाग बघितला. थोरला कोण, धाकटा कोण, भांडण कशाचं, सगळं बरोबर सांगितलं.

"पण ती किल्ली देणारी म्हातारी कुठं गेली? लई चांगलं काम केलंय बाईनं. आता येईल, मग येईल म्हणून शेवटपर्यंत वाट बघितली की."

"सोलापूरला गेलीय," मी म्हणालो.

"मग पुढच्या भागात येईल?"

"न्हाय, दादा," पुतणीनं सांगितलं.

घरी येऊन मी तो शॉट काढून टाकला. जोड इतका बेमालूम बसला, की तिथं कधी काही होतं असं मलाही वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर गाठला. भाग संपल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणी कळायचं राहिलं का?"

"न्हाय की. घरातली सगळी माणसं कळली."

पुतणी माझ्याकडं बघत होती. "टाक आज," मी म्हणालो, आणि हात धुवायला उठलो. मी तर काही खाल्लंही नव्हतं.