कोपऱ्यातला खांब

आमच्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. कुणी सांगो न सांगो, हाती आलेला फोटो सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गिऱ्हाइकांनीही त्यांना तशीच सवय लावली आहे. लोक दुकानाच्या फोनवर नुसता फोटो पाठवतात, शब्दही लिहीत नाहीत. त्याचा अर्थ ठरलेला: उजळा, सरळ करा, छापून ठेवा.

मामांची लेक, आमची ताई, त्यांचं न ऐकता लांबच्या नोकरीवर गेली, तेव्हापासून बापलेकीत अबोला होता. तिने फोन केला की मामा तो मामींकडे द्यायचे. आणि एके दुपारी दुकानाच्या फोनवर तिच्याकडून एक फोटो आला. तळं, मागे डोंगर, डाव्या कोपऱ्यात बसथांब्याचा खांब. सोबत अक्षरही नाही.

मामी लॅमिनेशन सोडून आल्या. "कुठे आहे ते ओळखा, म्हणत असेल."

"किंवा फोटोखाली टाकायला ओळ हवी असेल," मी म्हणालो.

"तिलाच विचारा ना," मामी म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? पाण्याची रेघ कललीय, दिसत नाही?" मामा म्हणाले.

मामांनी फोटो सरळ केला, डोंगराची सावली उजळली आणि खांब कापून टाकला. मग फोटो परत पाठवला, खाली सूचनांसह: मोबाइल आडवा धर, उन्हाकडे तोंड करू नकोस, कडेला नको ते येऊ देऊ नकोस. मला त्यांची कीव आली. त्यांच्या हिशेबी हे लाडच होते.

ताईचं उत्तर आलं, "बरं."

"झालं," मामी म्हणाल्या. "पोर आपणहून बोलायला आली आणि तुम्ही तिचा पेपर तपासलात."

मामा बराच वेळ काहीतरी लिहीत आणि खोडत राहिले. शेवटी एवढंच पाठवलं, "तुला काय हवं होतं?"

"खांब मुद्दाम घेतला होता, बाबा. त्यावर गावाचं नाव आहे. माझी इथे बदली झालीय. वाचलंत तर याल, असं वाटलं."

मामांनी मूळ फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि खांब वाढवत नेला. पाठवताना फोनने फोटो बारीक करून टाकला होता, पाटीवर नुसता पांढरा-काळा डाग उरला होता. कडांची धार वाढवली तर डाग आणखी ठसठशीत झाला. जे आलंच नाही ते काढणार कुठून? फोटोपुढे हात टेकलेले मामा मी तोवर पाहिले नव्हते.

"मग सांगा तिला तसं," मामी म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं, "मला वाचता येत नाही. नाव सांग. आम्ही येतो."

ताईने गावाचं नाव पाठवलं. त्याखाली लिहिलं होतं, "कॅमेरा आणा. इथल्या एकाही फोटोत मी नाही."