आजीचे कान आणि माझा फोन

आजी कधीही ‘काय म्हणाला?’ असं विचारत नसे. ऐकू आलं नाही की ती “बराबर हाय” म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मग मी तिच्या उजव्या बाजूला सरकून, तोंड तिच्या तोंडासमोर धरून, बोलणाऱ्याचं म्हणणं तीन मुद्द्यांत सांगायची. इंझोरीच्या आमच्या घरात हे काम दुसऱ्या कुणाला जमत नसे. काकू ओरडायची, काका कंटाळायचे. मी कारंजाच्या एका शाळेत कारकून. मुद्दे काढणं हा माझा धंदाच. दर शनिवारी मी एसटीने आजीकडे जायची. पिशवीत डायरी असायची आणि तिच्यात ‘आजीला सांगायचे’ असं एक पान.

कामरगावची वच्छीआजी, म्हणजे आजीची धाकटी बहीण, शनिवारीच फोन करायची. तो मी घ्यायची. ती पंधरा मिनिटं बोलायची आणि मी आजीला सांगायची: तब्येत बरी, सोयाबीन विकलं, नातसून माहेरी गेली. आजी मान डोलवायची. बहिणीबहिणींचं बोलणं माझ्यामधून जायचं आणि मला ते आवडायचं, हे इथे लिहून टाकते.

अकोल्याहून तिच्यासाठी दोन्ही कानांची यंत्रं आणली तेव्हाही मीच सोबत होते. आजीकडे तेव्हा बटणांचा फोन. म्हणून तिथल्या मुलीने यंत्रं माझ्या फोनला जोडून दाखवली. एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यातून आवाज कमीजास्त करता येई. घरी पाहुणे आले की मी ओट्यावर बसून माझ्या फोनवरून आजीच्या कानातला आवाज दोन घरं वाढवायची. आजी दचकून माझ्याकडे बघायची आणि हसायची. यंत्रांच्या बारीक सेलवरचा तपकिरी कागद काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग सेल घालायचा, हे मी काकूला शिकवलं. पण सेल बदलल्याच्या तारखा माझ्याच डायरीत.

पुढे काकांनी आजीला नवा फोन घेतला. त्यावर यंत्रं जोडली तर फोनचा आवाज सरळ कानात येईल, असं अकोल्याहून सांगितलं होतं. मी पाच शनिवार प्रयत्न केला. दर वेळी आजीच्या फोनचं ब्लूटूथ चालू करायची, यंत्रं नव्याने सुरू व्हावीत म्हणून त्यांच्या सेलची दारं उघडून बंद करायची, फोनमधली यादी बघायची. यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही दिसायचा, यंत्रं दिसायची नाहीत. डायरीत पाच फुल्या मारल्या.

बुद्धपौर्णिमेला सगळे जमले. पुण्याहून काकांची मुलगी जया आली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कानात सतत काहीतरी घातलेली. आल्या आल्या ती आजीच्या बाजेवर बसली, तीसुद्धा उजव्या बाजूला. मी खिरीच्या पातेल्यापाशी होते, पण लक्ष तिकडेच.

“ताई, ही यंत्रं दुसऱ्या कुठल्या फोनला जोडलेली आहेत का?” जयाने विचारलं.

मी नाही म्हणाले. माझ्या लेखी माझा फोन ‘जोडलेला’ नव्हता, त्यात फक्त आवाजाचं अ‍ॅप होतं. तेव्हा तरी मी स्वतःला तसंच समजावलं. जयाने दोनदा प्रयत्न केला. काही झालं नाही. मला बरं वाटलं.

मग खिरीला दूध कमी पडलं. मी बरणी आणि फोन घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. परत आले तर ओसरीवर सगळे आजीभोवती. मी गेल्यावर जयाने पुन्हा दारं उघडून बंद केली आणि यादीत यंत्रं दिसली, असं काकूने सांगितलं. फोनने डाव्या कानासाठी एकदा आणि उजव्यासाठी एकदा परवानगी मागितली, आजीच्या कानात सूर वाजला आणि जयाने लगेच वच्छीआजीला फोन लावला.

“वच्छे, जयभीम,” आजी म्हणत होती. “तू तं माह्या डोक्यातच बोलून राह्यली.”

फोन बाजेवर ठेवून ती उठली तेव्हा पलीकडे वच्छीआजीला काही ऐकू येईना. जयाने फोन आजीच्या हातात दिला: ऐकू कानातून येईल, पण बोलायचं फोनजवळच. कूलर घरघरत होता, पोरं कालवा करत होती, तरी आजीला बहिणीचा शब्द न् शब्द कळत होता. बाहेरचा आवाज यंत्रं मागे सारत होती. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चाळीस मिनिटं. कुणाकडेही न बघता.

फोन ठेवल्यावर मी जवळ गेले. वच्छीच्या नातसुनेची सासूशी कशी जुंपली आणि तिने भांडं फेकून माहेर कसं गाठलं, ते आजीने मला रंगवून सांगितलं.

“हे मी सांगितलं होतं,” मी म्हटलं. “माहेरी गेली म्हणून.”

“तू मले यादी सांगत होती, नंदे,” आजी म्हणाली. “वच्छी गोष्ट सांगते.”



दुसऱ्या दिवशी सकाळी जया पुण्याला निघून गेली. आजीने रात्री उघडी ठेवलेली सेलची दारं लावून कानांत यंत्रं घातली आणि मला वच्छीला फोन लावायला सांगितला. फोन लागला, पण आवाज कानात येईना. आजीने फोन कानाला दाबला, दूर धरला, पुन्हा दाबला. “वच्छी काहून बोलून नाही राह्यली?” असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. जुनं बघणं. मी तिच्या हातून फोन घेतला आणि वच्छीआजीचे मुद्दे तिला सांगितले. तिने मान डोलवली.

मग मी माझा फोन उघडला. यंत्रं जोडलेली, दोन्ही. सेलची दारं बंद होताच त्यांनी आधी ओळखीचा, म्हणजे माझा फोन पकडला होता. पाचही शनिवारी हेच झालं असणार. ब्लूटूथ चालू असलेला फोन घेऊन मी तिच्या शेजारी बसायची आणि तिच्या फोनला यंत्रं का दिसत नाहीत ते शोधायची. काल मी दुधाला गेले, म्हणून जमलं.

हे फक्त मला माहीत होतं. जयाला फोन केला असता तर तिने दोन मिनिटांत ओळखलं असतं. मी केला नाही. भाजी निवडली, डबे घासले. आजी बाजेवर फोन मांडीत घेऊन बसली होती. दर थोड्या वेळाने पडद्यावर बोट लावायची, उजेड आला की बघायची, गेला की पुन्हा बोट. तिने मला काही विचारलं नाही. दुपार झाली तरी ते बोट थांबेना.

मी तिच्या समोर बसून माझ्या फोनमधून तिचा डावा कान काढला, मग उजवा. अ‍ॅपही काढलं. दारं उघडून बंद केली. तिच्या चेहऱ्यावरून सूर वाजल्याचं कळलं. वच्छीला फोन लावून दिला आणि चारची एसटी धरली.

त्यानंतर आजी दोन वर्षं होती. दुपारी ती सगळ्यांना फोन करायची: आधी वच्छी, मग जया, मग मी. जयाच्या आधी माझा नंबर कधी लागला नाही, आणि ते मला शेवटपर्यंत सललं. मला तिचा फोन शाळेच्या मधल्या सुट्टीत यायचा. डायरी न उघडता बोलायला मला बरेच महिने लागले. पण माझ्यापर्यंत येईतो ती थकलेली असायची. बोलता बोलता फोन छातीवर ठेवून ती झोपी जायची आणि मला तिचा श्वास ऐकू यायचा. मी फोन बंद करत नसे. यंत्रं तिच्या कानांत असायची, म्हणजे माझा आवाज तिथपर्यंत जात होताच. अशाच एका दुपारी मी तिला त्या अर्ध्या दिवसाबद्दल सगळं सांगितलं, काहीही न गाळता. घंटा झाली तरी सांगत होते. पलीकडे श्वास संथ चालू होता.