तपासणीच्या पेटीत गेलेलं सांत्वन

...तर शिट्ट्यांपर्यंत आलो होतो आपण. फोरमनच्या वाक्यांना शिट्ट्या फार, असं ताई म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पंपांच्या कारखान्यात चाचणी विभागाचा फोरमन म्हणजे आधीच दणदणीत आवाजाचा माणूस. सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि तोंडावरही म्हणत. तो लिहायलासुद्धा भोंग्यासारखाच बसायचा. ‘हात पुसून बटण दाबावे’ एवढी साधी सूचना, पण तिच्यापुढे तीन शिट्ट्या, म्हणजे उद्गारचिन्हं, उभी. ताई ती पेन्सिलीने एकेक खोडायच्या आणि म्हणायच्या, "फोरमनसाहेब, बटण दाबायचंय, गाडी सोडायची नाही."

या ताई कारखान्याच्या मजकूर तपासनीस. पंपासोबत जाणारी माहितीपुस्तिका असो, भिंतीवरची सूचना असो की गिऱ्हाइकाला जाणारा ईमेल, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर पडत नसे. कुणी कौतुकाने, कुणी वैतागून त्यांना चाळणी म्हणायचं. त्यांची रीत ठरलेली होती. लाल शाई कधी वापरायच्या नाहीत. आधी कागदातलं एखादं बरं वाक्य शोधून त्याच्याखाली रेघ मारायची, मग चुकांकडे वळायचं. चूक दिसली तरी ‘चूक’ म्हणायचं नाही; ‘तुम्हाला असं म्हणायचंय का?’ असं समासात लिहायचं. आणि एक गोष्ट त्या सगळ्यांना सांगायच्या: हा कागद वाचणारा माणूस तेव्हा कुठे असेल ते आधी डोळ्यांपुढे आणा, मग लिहा.

फोरमन चार बुकं शिकून यंत्रावर चिकटला, तो यंत्रावरच म्हातारा झाला असता. त्याला लिहितं केलं ते या बाईने, आणि तेसुद्धा त्याला कधी खाली बघायला न लावता. म्हणून त्यांचा शब्द त्याला मोठा वाटायचा.

पण या चाळणीची एक दुसरी बाजूही होती, आणि फोरमनला तिचीच धास्ती होती. विक्री विभागाच्या एका साहेबाने एकदा कुणाला तरी लिहिलं होतं की बाईंकडून काम काढून घ्यायचं तर जरा गोंजारावं लागतं. ते फिरत फिरत ताईंच्या वाचनात आलं. त्या भांडल्या नाहीत, वरिष्ठांकडेही गेल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्या साहेबाचे कागद कोरेच्या कोरे परत यायला लागले. ना रेघ, ना प्रश्न. खाली दोन शब्द: ‘ठीक आहे.’ साहेबाच्या चुका तशाच छापून जायच्या आणि ताई मान खाली घालून पुढचा कागद घ्यायच्या. फोरमनने ते ‘ठीक आहे’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाण्याने भरलेला पंप अचानक कोरडा फिरायला लागला की जो आवाज येतो, तसं काहीतरी त्याला ते दोन शब्द वाचताना ऐकू आलं होतं.

असो. तर ताईंचा धाकटा भाऊ गेला. ताईंनी लग्न केलं नव्हतं. आई, त्या आणि हा भाऊ असं तिघांचं घर. रोज सकाळी तो त्यांना स्कूटरवरून फाटकाशी सोडायचा. त्या दिवशीही सोडून गेला आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला; बरं वाटेना म्हणून तो स्वतःच स्कूटरने तिथे गेला होता. ताई हातातली पेन्सिल कागदावर आडवी ठेवून उठल्या, त्या गेल्याच. संध्याकाळी निरोप आला की भाऊ गेला, आईला माणसांची गर्दी सोसत नाही, सध्या कुणी घरी येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन लिहायला बसला. घरी जायचं नाही आणि फोनवर या आवाजात बोलायचं तरी कसं, म्हणून ईमेल. एका बोटाने टाइप करत, खोडत, पुन्हा टाइप करत त्याने मजकूर उभा केला. ‘आपल्या बंधूंच्या आकस्मिक निधनाची बातमी समजताच तीव्र धक्का बसला!! तुमच्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत!! काळ हेच यावर औषध आहे!! काही लागल्यास निःसंकोच कळवावे!!’ एवढं झाल्यावर त्याला वाटलं, हे कुणीही कुणालाही लिहील. मग शेवटी त्याने स्वतःचं एक वाक्य घातलं: ‘तुम्ही आत गेल्यावर ते स्कूटर वळवायचे आणि मला रोज हात करायचे.’ त्याच्यापुढे उद्गारचिन्ह टाकायचं राहूनच गेलं.

आता पाठवायचं. पण तपासल्याशिवाय पाठवायची सवय कुठे होती त्याला? ताई रजेवर असल्या की तपासणीची पेटी आवक-जावक बघणारे अण्णा सांभाळायचे. पेटी म्हणजे संगणकावरचा एक वेगळा ईमेल पत्ता. ज्याला जे तपासून हवं ते त्याने तिथे टाकायचं. फोरमनने मजकूर तिथे टाकला आणि वर अण्णांना चिठ्ठी लिहिली: ‘अण्णा, चुका काढ, जरा मऊ कर. ताई वरून दगडासारख्या दिसतात, पण भाऊ म्हणजे त्यांचा जीव होता. दुखेल असं काही राहू देऊ नकोस. आणि मी दुसऱ्याकडून तपासून घेतलं हे त्यांना कळता कामा नये.’

बटण दाबलं, आणि हलक्या मनाने तो अण्णांच्या टेबलाशी गेला.

अण्णा पाकिटांवर शिक्के मारत बसले होते. त्यांनी पेटी अजून उघडलीच नव्हती. फोरमनच्या आग्रहाखातर चष्मा वर सारून त्यांनी ती उघडली. मग म्हणाले, "भोंग्या, तुझं पत्र वाचलेलं दिसतंय."

"म्हणजे?"

"न वाचलेलं जाड अक्षरात असतं. हे बारीक झालंय. पेटी एकच, कुणीही एकाने उघडलं की सगळीकडे तसंच दिसतं. मी उघडलेलं नाही."

"मग कुणी उघडलं?"

अण्णांनी शिक्का गादीवर ठेवला. एकदा आजारपणात कागद अडून राहिले, तेव्हापासून ताईंनी ही पेटी आपल्या फोनवरही लावून घेतली होती. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, फोरमनलाही. पण सवयीचं बोट ते, विचारून थोडंच चालतं.

पत्र परत घेता येतं ना, फोरमनने विचारलं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. न वाचलेलं असतं तर मीच पेटीतून काढून टाकलं असतं, म्हणाले, पण वाचलेलं कुणाच्या डोळ्यांतून परत काढणार? थट्टेशिवाय ज्यांचं एक वाक्य पुरं होत नसे, ते अण्णासुद्धा त्या दिवशी एवढंच बोलून पुन्हा पाकिटं ओढू लागले. त्याचीच फोरमनला जास्त भीती वाटली.

तो चाचणीच्या टाकीपाशी येऊन बसला. आणि त्याला नको असताना ताईंचंच सांगणं आठवलं: वाचणारा कुठे असेल ते बघा. ताई कुठे असतील? आईच्या उशाशी. फोन वाजला असेल, भावाच्या कुणा मित्राचा असेल म्हणून त्यांनी तो घेतला असेल. आणि त्यात काय, तर ‘दगडासारख्या’. पुन्हा ‘कळता कामा नये’. म्हणजे त्यांच्या पाठीमागे कुजबुज, आणि तीही विक्रीच्या साहेबासारखीच. फोरमनने पंप सुरू केला आणि पाण्याचा नळ उघडायचा विसरला. पंप कोरडा किंचाळला तेव्हा सगळे धावले. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं.

माफीचा फोन करायला त्याने तीनदा नंबर काढला. शेवटी बायकोला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "फोन करून काय म्हणाल?"

"चुकलो म्हणेन."

"मग त्या म्हणतील, असू द्या. म्हणजे भाऊ गेलाय त्यांचा, आणि समजूत घालायची तुमची. गप्प बसा. भीती वाटतेय ना, ती आपली आपण सोसा."

तो गप्प बसला. जेवणाचा डबा तसाच राहिला. दर थोड्या वेळाने तो संगणकाशी जायचा आणि लांबूनच बघायचा, विस्तवाकडे बघावं तसा. त्याला शिव्या चालल्या असत्या, उत्तर न येणंही चालवून घेतलं असतं. नको होते फक्त ते दोन शब्द. ‘ठीक आहे’ आलं की संपलं. मग उरलेली नोकरी कोऱ्या कागदांवर काढायची आणि समोर बसलेल्या बाईने वर बघायचं नाही.

कारखाना सुटायच्या जरा आधी पडद्यावर ओळ आली. ताईंचं नाव, आणि विषयात एकच शब्द: ‘तपासून’. फोरमनने अण्णांना हाक मारली, पण ती अण्णांपर्यंत पोचली नाही. भोंग्याचा आवाज बसला होता. अण्णा आपणहून आले, पाठीशी उभे राहिले आणि म्हणाले, "उघड. मी आहे."

फोरमनने उघडलं. मजकूर लांब होता, हे आधी दिसलं. मग त्याने ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं:

"फोरमनसाहेब, तपासलं. सुरुवातीला ‘आपल्या’ आणि पुढे ‘तुमच्या’ झालंय. दोन्हीकडे ‘तुमच्या’ केलं, आपण रोज तसंच बोलतो. ‘बंधूंच्या आकस्मिक निधनाची’ ऐवजी ‘भाऊ अचानक गेल्याची’ चालेल का? शिट्ट्या सगळ्या काढल्या. काळाच्या औषधाचं वाक्य गाळलं; ते खरं असेलही, पण आज वाचवत नाही. ‘काही लागल्यास कळवावे’ असं लिहिलं की काय लागतं ते समोरच्याला शोधत बसावं लागतं, त्यापेक्षा तुम्ही काय करू शकता तेच लिहावं. उदाहरणार्थ, त्याची स्कूटर अजून दवाखान्याच्या फाटकाशी उभी आहे आणि ती आणायला मी जाऊ शकत नाही. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आहे. ते पहिलं घ्या, त्यातला एकही शब्द बदलू नका. मी रोज मागे न बघता आत जायचे, तो हात करतो हे मला माहीत नव्हतं. आईला दोनदा वाचून दाखवलं. अण्णांसाठीची चिठ्ठी माझ्या कामाची नव्हती, म्हणून तपासली नाही. एवढ्या दुरुस्त्या करा आणि मग मला पाठवा."